दिवाळी गिफ्ट बॉक्स: १,८९९चा तिसरा बॉक्स मांडला तर ७९९चा जास्त खपेल का?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. गंगापूर रोडला आमचं फरसाण आणि सुकामेव्याचं दुकान आहे. दिवाळीला दोन गिफ्ट बॉक्स ठेवतो. लहान ४४९ रुपयांचा, त्यात २५० ग्रॅम चिवडा, शंकरपाळे, चकली आणि १०० ग्रॅम बेदाणे. दुसरा ७९९चा, त्यात ३०० ग्रॅम चिवडा आणि ४०० ग्रॅम सुकामेवा, म्हणजे बेदाणे २००, काजू १००, बदाम १००. गेल्या दिवाळीत शंभर गिऱ्हाइकांमागे साधारण सत्तर जणांनी लहान उचलला, तिसांनी ७९९चा.

एका पुरवठादाराने सुचवलंय की १,९००च्या आसपासचा एक भारी बॉक्स मांडा, तो खपला नाही तरी चालेल, त्याच्यामुळे ७९९चा खपेल. यात तथ्य किती? आणि करायचंच तर त्यात काय भरायचं, किती नग बनवायचे, मांडायचा कुठे? खर्चाचे आकडे लागले तर देतो.

खणखणीत

तथ्य काही नाही. लोकांना सवलत हवी असते. ७९९च्या बॉक्सवर १,२०० लिहा, त्यावर काट मारा, खाली ७९९ लिहा. झालं. नवा बॉक्स बनवायचा खटाटोप कशाला?

मेनूकार

खणखणीत, तुम्ही सांगताय तो वेगळा प्रकार आहे आणि त्यात कायद्याची भानगड आहे. त्यावर कुणी कायद्याचा जाणकार बोलेलच. मूळ प्रश्न तिसरी वस्तू ठेवण्याचा आहे, किंमत खोडण्याचा नाही.

गंगापूररोडकर, तथ्य आहे, पण पुरवठादाराने अर्धंच सांगितलंय. १९९२ साली सायमनसन आणि ट्वर्स्की यांनी कॅमेऱ्यांवर हा प्रयोग केला. एका गटासमोर १७० डॉलरचा आणि २४० डॉलरचा असे दोनच कॅमेरे ठेवले, तेव्हा निम्म्यांनी हा निवडला, निम्म्यांनी तो. दुसऱ्या गटासमोर त्याच दोघांबरोबर ४७० डॉलरचा तिसरा ठेवला. आता स्वस्त कॅमेऱ्याकडे २२ टक्के गेले, महागाकडे २१ आणि मधल्याकडे ५७. मधल्या कॅमेऱ्यात काहीही बदललं नव्हतं. दोनच होते तेव्हा तो महागातला होता, तिसरा आल्यावर तो मध्यम झाला. गिऱ्हाईक अगदी हलकं घ्यायला कचरतं आणि अगदी भारी घ्यायलाही, म्हणून मधल्यावर येऊन थांबतं.

त्याच काळातलं अमेरिकेतल्या एका स्वयंपाकघर-वस्तूंच्या दुकानाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. घरगुती पाव भाजायचं यंत्र २७५ डॉलरला होतं. शेजारी त्याहून मोठं, दीडपटीहून महाग यंत्र ठेवलं. मोठं फारसं गेलं नाही, २७५ वाल्याचा खप मात्र जवळजवळ दुप्पट झाला.

पण हे कुठलीही महागडी वस्तू ठेवली की आपोआप होत नाही. आधी मला तुमचं बॉक्समागे काय सुटतं ते सांगा. त्याशिवाय पुढचं बोलणं हवेत जाईल.

गंगापूररोडकर

सगळे आकडे कर वगळून, खोका आणि पॅकिंगची मजुरी धरून. लहान बॉक्स ३१० रुपयांना पडतो, म्हणजे १३९ सुटतात. ७९९चा ४९०ला पडतो, ३०९ सुटतात. भारी बॉक्स मनात असा आहे: लाकडी पेटी, चांदीचा मुलामा दिलेलं निरांजन, दोन सुगंधी मेणबत्त्या, थोडा सुकामेवा. तो १,३००च्या आसपास पडेल.

चोखंदळ

याला डिकॉय म्हणतात, म्हणजे दुसरी वस्तू खपावी म्हणून ठेवलेलं आमिष. परदेशातल्या एका साप्ताहिकाच्या वर्गणीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. फक्त वेबसाइट ५९ डॉलर, फक्त छापील अंक १२५, दोन्ही मिळून १२५. विद्यार्थ्यांना विचारलं तर १६ टक्क्यांनी वेबसाइट घेतली, ८४ टक्क्यांनी दोन्ही, नुसता छापील कुणीच नाही. छापीलचा पर्याय काढून टाकला तर ६८ टक्के वेबसाइटवर गेले. तेव्हा भारी बॉक्स कशाला, ७९९च्या शेजारी ७७९चा एक निकृष्ट बॉक्स ठेवा. ३०० ग्रॅम चिवडा तोच, सुकामेवा फक्त २०० ग्रॅम. लोक धावत ७९९कडे येतील.

मेनूकार

चोखंदळ, आकडे तुमचे बरोबर आहेत, पण ती युक्ती वेगळी आहे. तिथे तिसरा पर्याय दुसऱ्यापेक्षा उघड उघड वाईट असतो, किंमत तीच आणि माल कमी. इथे विचारलाय तो भारी बॉक्स कुणापेक्षाही वाईट नाही. त्यात माल जास्त आहे आणि पैसेही जास्त आहेत. पहिल्या प्रकारात माणूस म्हणतो, ‘हा त्यापेक्षा सरळ सरळ चांगला.’ दुसऱ्यात म्हणतो, ‘मधला घेतला तर कुणी नाव ठेवणार नाही.’ भेटवस्तूत हे दुसरं कारण फार वजनदार असतं, कारण विकत घेणाऱ्याला ज्या घरी भेट द्यायची त्या घरचं मन सांभाळायचं असतं.

शिवाय तुमची युक्ती दुकानाच्या फळीवर टिकेल याची खात्री देता येत नाही. २०१४ साली फ्रेडरिक, ली आणि बास्किन यांनी तो परिणाम वेगवेगळ्या प्रकारे तपासला. गुणधर्म आकड्यांच्या तक्त्यात मांडले की परिणाम दिसायचा, पण वस्तूचं चित्र दाखवलं किंवा प्रत्यक्ष चव घ्यायला दिली की तो विरून जायचा, कधी उलटाही व्हायचा. दुकानात माणूस बॉक्स हातात घेऊन बघतो, तक्ता वाचत नाही. आणि ७७९च्या अर्धवट भरलेल्या बॉक्समुळे दुकानाचीच पत जाते, हे माझं स्वतःचं मत.

चोखंदळ

फळीचं मान्य. पण आता निम्म्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात. तिथे रेटकार्ड म्हणजे आकड्यांचा तक्ताच की. तिथे माझी युक्ती चालायला हवी.

मेनूकार

तिथे चालू शकेल, हे खरं. तरीही मी ती वापरणार नाही, पण तुमचा मुद्दा खोडता येत नाही.

आता मूळ बॉक्सकडे येतो. गंगापूररोडकर, तुमचा भारी बॉक्स आहे तसा मांडलात तर उपयोग होणार नाही, कारण निरांजन आणि मेणबत्त्यांमुळे तो या दोघांच्या ओळीत बसतच नाही. गिऱ्हाईक म्हणेल, ‘हा पूजेचा सेट दिसतोय, आपल्याला खाऊ हवाय,’ आणि नजर परत ४४९ आणि ७९९ या दोघांवर येईल. म्हणजे तुम्ही पुन्हा दोनच बॉक्सवर आलात. तिन्ही बॉक्स एकाच मापाने मोजता आले पाहिजेत. तुमच्याकडे ते माप आहे, सुकामेव्याचं वजन. लहानात १०० ग्रॅम आहे, मधल्यात ४००. मग भारीत ११०० ठेवा: काजू २५०, बदाम २५०, पिस्ते २००, अंजीर २००, बेदाणे २००. लाकडी पेटी धरून हा १,३००च्या आसपासच बसेल, निरांजनाचे पैसे मालात जातील. आणि तिन्ही बॉक्सवर एकाच जागी, एकाच आकाराच्या अक्षरांत लिहा: ‘सुकामेवा १०० ग्रॅम’, ‘सुकामेवा ४०० ग्रॅम’, ‘सुकामेवा ११०० ग्रॅम’. हे लिहिलं नाही तर मधला नुसता ‘महागडा खोका’ दिसतो.

हिशेबी

कराचा मुद्दा घालतो. वेगवेगळ्या वस्तू एकत्र बांधून एकाच किमतीला विकल्या की जीएसटीत ती मिश्र विक्री धरतात आणि आतल्या वस्तूंपैकी ज्याचा दर सर्वांत चढा, तो दर पूर्ण बॉक्सला लागतो. म्हणजे निरांजन किंवा मेणबत्तीचा दर सुकामेव्यापेक्षा जास्त असेल तर तुमच्या काजू-बदामावरही तोच जास्तीचा कर बसेल. बॉक्समध्ये काय घालायचं ते ठरवण्याआधी तुमच्या सीएंना प्रत्येक वस्तूचा चालू दर विचारून घ्या.

दुसरं, आधी पॅक करून फळीवर ठेवणार असाल तर बॉक्सवर एमआरपी, प्रत्येक पदार्थाचं निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. खाद्यपदार्थ असल्याने फूड लायसन्सचा क्रमांकही.

आणि खणखणीत यांच्यासाठी: १,२०० या किमतीला तो बॉक्स कधी विकलाच नसेल, तर ती किंमत खोडून दाखवणं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत मोडू शकतं. १,८९९चा खराखुरा बॉक्स, त्या किमतीला खरंच विकायला ठेवलेला, यात तो प्रश्न येत नाही.

खणखणीत

बाजारात सगळेच करतात. पण ठीक, लिहिताना माझ्या डोक्यात सवलतीचा प्रश्न होता.

येवलेकर

माझा प्रश्न याच धाग्यात विचारतो. येवल्यात पैठणीचं दुकान आहे. सेमी पैठणी ४,५००ची, हातमागाची साधी काठाची १४,०००ची, आणि शोकेसमध्ये ब्रोकेडची एक, १ लाख १० हजारांची. तुमच्या म्हणण्याप्रमाणे १४ हजारांची मधली झाली ना? तरी गिऱ्हाईक ब्रोकेड डोळे भरून बघतं, फोटो काढतं आणि ४,५००ची घेऊन जातं. मग हे शास्त्र साडीला लागू नाही का?

मेनूकार

लागू आहे, पण तुमची ब्रोकेड त्या ओळीतली नाही. १४ हजार आणि १ लाख १० हजार यांत जवळजवळ आठपट अंतर आहे. वर दिलेल्या कॅमेऱ्यात मधल्या आणि भारी वस्तूत दुप्पट अंतर होतं, पावाच्या यंत्रात दीडपटीच्या थोडं वर. दीडपट ते अडीचपट हा माझ्या कामातला अंदाज आहे, नियम नव्हे. त्यापुढे गेलं की गिऱ्हाईक ती वस्तू स्वतःसाठी मोजतच नाही, ती प्रदर्शनातली होते.

तुमच्याकडे १४ हजारांच्या शेजारी २८ ते ३२ हजारांची एखादी हवी, मुनिया काठाची किंवा पदरावर भरगच्च मोर असलेली. आणि फरक दाखवायला हवा. सेमीची उलटी बाजू आणि हातमागाची उलटी बाजू शेजारी शेजारी धरा. हातमागाच्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, सेमीच्या मागे सुटे किंवा कापलेले धागे असतात. हे गिऱ्हाइकाने बोट फिरवून बघितलं की ४,५०० ते १४,००० हा फरक त्याला पटतो. त्याआधी त्याच्या दृष्टीने दोन्ही ‘मोराची साडी’च असतात.

येवलेकर

उलटी बाजू आम्ही दाखवतोच. पण ब्रोकेड काढून टाका म्हणत असाल तर पटत नाही. ती बघायला म्हणून मुंबई-पुण्याची माणसं आत शिरतात.

मेनूकार

काढू नका. माणसं आत आणणं हे तिचं काम, ती ते करतेय. मधल्या साडीला आधार देणं हे दुसरं काम, त्याला दुसरी साडी लागेल. ३० हजारांची किती दिवस पडून राहील, त्यात किती पैसे अडकतील, हा हिशेब मात्र तुमचा तुम्हालाच करावा लागेल. गिफ्ट बॉक्स उघडून काजू परत बरणीत टाकता येतात, साडीचं तसं नाही.

गंगापूररोडकर

हे बरं सांगितलंत. म्हणजे ११०० ग्रॅमचा बॉक्स, १,८९९ किंमत. त्यात ५९९ सुटतील. पण नग किती बनवू? आणि मला भीती अशी की १,८९९ बघून लोक म्हणतील ‘हे महागडं दुकान दिसतंय’ आणि दारातूनच परत जातील.

मेनूकार

भीती रास्त आहे, म्हणून आकड्यांत बघू. गेल्या वर्षी शंभर गिऱ्हाइकांमागे ७० लहान आणि ३० मधले. ७० गुणिले १३९ म्हणजे ९,७३० आणि ३० गुणिले ३०९ म्हणजे ९,२७०. एकूण १९,००० सुटले.

आता भारी बॉक्स एकही गेला नाही, पण त्याच्यामुळे लहानातली वीस माणसं मधल्यावर सरकली असं धरा. ५० लहानांचे ६,९५० आणि ५० मधल्यांचे १५,४५०, मिळून २२,४००. म्हणजे ३,४०० जास्त. लहानावरून मधल्यावर सरकलेल्या प्रत्येक माणसामागे तुमचे १७० वाढतात.

उलट बाजू अशी. ‘महागडं दुकान’ म्हणून एक माणूस परत गेला तर त्याच्या लहान बॉक्सचे १३९ गेले. म्हणजे चार माणसं वर सरकली पण पाच परत फिरली, तर ६८० मिळाले आणि ६९५ गेले. हे बिलबुकात दिसत नाही, कारण परत गेलेल्याचं बिलच होत नाही. मधल्याचा टक्का वाढलेला दिसतो आणि मालक खूश असतो, गल्ला मात्र तेवढाच राहतो. म्हणून काउंटरवरच्या मुलाला एक वही द्या. बॉक्सची चौकशी केली आणि न घेता गेले, त्यांच्या नुसत्या रेघा मारायला सांगा.

मांडणी अशी करा. १,८९९ची पेटी रस्त्याकडच्या काचेत ठेवू नका. बाहेरून किंमत दिसली की ती येणाऱ्याला अडवते, आत दिसली की आलेल्याची तुलना बदलते. आतल्या फळीवर डोळ्यांच्या उंचीला भारी, लगेच शेजारी मधला, त्यापलीकडे लहान. भारी बॉक्स कुलूपबंद काचेत नको, तो हाताला आला पाहिजे. एक पेटी उघडी ठेवा, माल दिसू द्या.

नग सहाच बनवा. संपले तर ऑर्डरने बांधून द्या, एक दिवसाची मुदत मागा. बांधताना काजू-बदामाची पाकिटं तुमच्या नेहमीच्या मापाचीच घ्या, म्हणजे दिवाळीनंतर सुटी करून विकता येतील. वाया जाईल ती फक्त लाकडी पेटी.

सातपूर_परचेस

एमआयडीसीतल्या कंपनीत खरेदी विभागात आहे. दिवाळीला कामगारांसाठी बॉक्स आम्हीच मागवतो. स्पष्ट सांगतो, आमच्यावर याचा काही परिणाम होत नाही. माणशी बजेट वरून ठरून येतं, समजा ५००. तीन दुकानांची कोटेशन मागवायची, वजन बघायचं, जो बसेल तो घ्यायचा. तुम्ही १,८९९चा ठेवा नाहीतर १८ हजारांचा.

हिशेबी

बजेट हाच तुमचा आकडा झाला ना. ५०० हे कुणीतरी आधी ठरवलं आणि आता सगळं त्याच्याशी ताडून बघता.

सातपूर_परचेस

तो आकडा गेल्या वर्षीच्या खर्चावरून येतो, दुकानदाराकडून नाही. फरक आहे.

मेनूकार

सातपूर यांच्याशी मी बराचसा सहमत आहे. ज्याचा आकडा आधीच लिहून ठेवलाय त्याला मधला-भारी याने फरक पडत नाही. अशांना तीन बॉक्स दाखवूच नका, त्यांच्या बजेटात ग्रॅम किती बसतात तेवढंच सांगा.

पण ‘जाणकारावर परिणाम होत नाही’ हे सरसकट धरून चालू नका. १९७४ साली ट्वर्स्की आणि कानेमान यांनी लोकांसमोर एक चक्र फिरवलं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल असं आधीच करून ठेवलेलं होतं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचा टक्का किती? १० आलेल्यांचा मधला अंदाज २५ होता, ६५ आलेल्यांचा ४५. चक्राचा त्या प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. १९८७ साली नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी अमेरिकेतल्या मुरलेल्या घर-दलालांना एकच घर दाखवलं, फक्त मागणीची किंमत वेगवेगळी सांगितली. त्यांचे अंदाजही त्या किमतीकडे ओढले गेले. वर बहुतेकांनी सांगितलं की मागणीची किंमत आम्ही विचारात घेतलीच नाही.

सातपूर_परचेस

दलालाला त्या घरासाठी तीन कोटेशन आली नव्हती. मला येतात. माझं मत कायम.

पंचवटीची_वैशाली

दुकानदारांची बाजू झाली, आता गिऱ्हाइकाची. मला हे सगळं वाचून वाईट वाटलं. माणूस ४४९चा बॉक्स घ्यायला येतो आणि तुम्ही त्याला गुपचूप ३५० रुपये जास्त खर्च करायला लावता. दिवाळीत दहा घरी बॉक्स द्यायचे असले तर ते साडेतीन हजार होतात. घरखर्चात ही रक्कम लहान नाही.

मेनूकार

वैशालीताई, मुद्दा महत्त्वाचा आहे. माझ्या दृष्टीने परीक्षा अशी: भारी बॉक्स झाकून ठेवला तरी मधला बॉक्स आपल्या पैशाला उतरतो का? गंगापूररोडकरांच्या बाबतीत ३५० रुपये जास्त देऊन ३०० ग्रॅम सुकामेवा जास्त मिळतो, त्यात १०० काजू, १०० बदाम आणि १०० बेदाणे, शिवाय ५० ग्रॅम चिवडा जास्त. शंकरपाळे आणि चकली मात्र जातात. सुट्या भावाने हे महागच आहे, बांधणीचे आणि दुकानदाराचे पैसे त्यात आहेत. पण फसवणूक नाही. भारी बॉक्स निव्वळ दाखवायचा, मागितला की ‘संपला’ म्हणायचं, ही फसवणूक. तसं करू नये.

पंचवटीची_वैशाली

मग गिऱ्हाइकाने काय करायचं तेही लिहा.

हिशेबी

घरून निघतानाच किती घरं आणि घरटी किती रुपये ते कागदावर लिहून घ्या. सातपूर यांची कंपनी करते तेच. दुकानात गेल्यावर बॉक्सऐवजी ‘काजू सुटे काय भाव?’ एवढं आधी विचारा, मग बॉक्सच्या आतल्या वजनाशी गुणून बघा. आणि तीन बॉक्स समोर आले की सर्वांत महागडा बाजूला करायला सांगा. दोनच समोर असताना कुठला घेतला असता, ते मनाशी ठरवा.

पंचवटीची_वैशाली

दोनच ठेवून बघायचं, हे पटलं. पण सुटा भाव विचारणाऱ्याकडे दिवाळीच्या गर्दीत कोण लक्ष देतं, तेही बघा. सुट्याचे भाव फळीवर लावा की.

गंगापूररोडकर

सुट्याचे भाव लावलेलेच असतात आमच्याकडे, बॉक्सच्या शेजारीही लावतो. मेनूकार, शेवटचं विचारतो. हे खरंच चाललं की दिवाळीची गर्दीच वाढली, हे कळणार कसं?

मेनूकार

गेल्या वर्षीशी तुलना करू नका. भाव बदललेले असतात, बोनस कधी झाला तेही बदलतं. याच वर्षी दिवसाआड करा. सोमवारी भारी बॉक्स फळीवर, मंगळवारी आत, बुधवारी परत बाहेर. पुढच्या आठवड्यात उलटं, सोमवारी आत. म्हणजे प्रत्येक वार दोन्ही प्रकारांत येतो. धनत्रयोदशीच्या आधीचे चार दिवस मोजणीत धरू नका, तेव्हा जे हाताला लागेल ते जातं.

रोज चार आकडे लिहायचे: लहान किती, मधले किती, भारी किती आणि न घेता गेलेल्यांच्या रेघा किती. कंपन्यांच्या ऑर्डरी यात मिसळू नका, नाहीतर सातपूरची एक पन्नास बॉक्सची ऑर्डर सगळं चित्र पालटून टाकेल. दोन्ही बाजूंना निदान शंभर शंभर बिलं हवीत. तेवढ्यात मधला ३० टक्क्यांवरून ४५वर गेला तर ते खरं मानायला हरकत नाही. ३०वरून ३५वर गेला तर शंभर बिलांत ते नशीबही असू शकतं, त्यावर पुढच्या वर्षीची खरेदी ठरवू नका.

आणखी दोन जागी हे फसतं. एक, मधला बॉक्स संपतो. तेव्हा गिऱ्हाईक वर जात नाही, खाली ४४९वर उतरतं. म्हणून मधल्याचा माल आणि खोके नेहमीच्या दीडपट तयार ठेवा. दोन, काउंटरवरचा मुलगा भल्या मनाने म्हणतो, ‘तो भारी राहू द्या, तुमच्यासाठी हा आहे ना,’ आणि लहान बॉक्स पुढे करतो. त्याला सांगा की कुणी विचारलं की भारीपासून दाखवायला सुरुवात करायची, तिन्हींचं वजन आणि किंमत सांगायची आणि गप्प राहायचं. शिफारस विचारली तरच करायची.

गंगापूररोडकर

मुलाचं बरोबर ओळखलंत, तो असंच करतो. व्हॉट्सअॅपचं रेटकार्ड असं करतोय, बघा:

पेटी बॉक्स, सुकामेवा ११०० ग्रॅम, १,८९९
मोठा बॉक्स, सुकामेवा ४०० ग्रॅम आणि चिवडा ३०० ग्रॅम, ७९९
छोटा बॉक्स, चिवडा, शंकरपाळे, चकली, बेदाणे, ४४९

चोखंदळ

छोट्याचं वजन लिहिलेलं नाही. वर दोघांचं लिहिलंय आणि याचं नाही, म्हणजे काहीतरी लपवताय असं वाटतं.

हिशेबी

शिवाय किमती कर धरून लिहा. धाग्यात तुम्ही कर वगळून आकडे दिले होते. गिऱ्हाइकाला तेच पाठवलेत आणि बिलात कर वेगळा लावलात, तर काउंटरवर वाद होईल. पॅकवरची एमआरपी सगळे कर धरूनच असते.

येवलेकर

आणि ‘मोठा’ हे नाव मधल्याला का दिलंय? पेटीच्या खाली ‘मोठा’ वाचलं की मला तो महागातलाच वाटतो. आम्ही साडीला कधी लहान-मोठी म्हणत नाही, काठाचं नाव सांगतो.

मेनूकार

नावाबद्दल माझ्याकडे ठाम उत्तर नाही. ‘मोठा’ म्हटल्याने भेट देणाऱ्याला बरंही वाटू शकतं. एक आठवडा ‘मोठा’, एक आठवडा दुसरं नाव, असं करता येईल, पण भारी बॉक्सची दिवसाआडची मोजणी चालू असताना नको. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते सांगता येणार नाही. हे रेटकार्ड छोट्याचं वजन आणि कर घालून पक्कं करा आणि मोजणी संपेपर्यंत तसंच ठेवा.

गंगापूररोडकर

छोटा: चिवडा २५०, शंकरपाळे २००, चकली १५०, बेदाणे १०० ग्रॅम. कर धरून तिन्ही किमती उद्या सीएंकडून घेऊन कार्ड पुन्हा टाकतो. सहा पेट्यांची ऑर्डर आज देतोय.